मे महिन्यात अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर का उडतात? थर्मल रनअवे आणि हीटसिंकची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करताना दर लग्नसराईत मला तेच तेच प्रश्न ऐकू येतात. त्यांची उत्तरे इथे एका जागी लिहितो. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवले आहे: अधिक-उणे ३५ व्होल्टच्या सप्लायवर चालणारा, आउटपुटला ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरची एक जोडी असलेला, ८ ओहमच्या स्पीकरसाठी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर. खान्देशात वरातीच्या टेम्पोवर असे सेट बरेच दिसतात.

हिवाळाभर चाललेला सेट मे महिन्यातच का उडतो?

गिऱ्हाईक येऊन सांगते, "भाऊ, काल वरातमा परत बंद पडी गयं." उघडून पाहावे तर ५२००चा कलेक्टर आणि एमिटर आरपार शॉर्ट झालेले असतात. आवाज फार वाढवला म्हणून उडाला, असा सगळ्यांचा समज असतो. बऱ्याचदा खरे कारण निराळे निघते. आतला बायस, म्हणजे गाणे बंद असतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरच्या बेसना मिळत राहणारे ठरावीक व्होल्टेज, दिवाळीच्या सुमारास, खोलीत २०-२५ अंश असताना, सेट केलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि टेम्पोवर जनरेटरच्या शेजारी बंद पेटीत हवा ५०च्या वर असते. म्हणजे ट्रान्झिस्टरची सुरुवातच २५-३० अंश वरून होते. सिलिकॉनसाठी एवढा फरक खूप मोठा आहे.

थर्मल रनअवे म्हणजे नेमके काय होते?

ट्रान्झिस्टरमधून ठरावीक करंट वाहायला बेस आणि एमिटरमध्ये ठरावीक व्होल्टेज लागते, साधारण ०.६ व्होल्ट. जंक्शन एक अंशाने तापले की तेवढ्याच करंटसाठी सुमारे २ मिलिव्होल्ट कमी पुरतात. पण आपला बायस काही आपोआप कमी होत नाही, तो आधीइतकाच मिळत राहतो. मग ते जास्तीचे २ मिलिव्होल्ट करंट वाढवतात. बेसवर १८ मिलिव्होल्ट जास्त पडले की करंट दुप्पट होतो, म्हणजे बायस जागेवर ठेवून जंक्शन फक्त ९ अंश तापले तरी करंट दुप्पट. वाढलेला करंट गुणिले ३५ व्होल्ट एवढी जास्तीची उष्णता तयार होते, ती जंक्शनला आणखी तापवते आणि चक्र सुरू होते.

हे चक्र प्रत्येक वेळी पळत सुटतेच असे नाही. एक अंश वाढीमुळे परत किती अंशांची भर पडते, त्यावर सगळे ठरते. अर्ध्या अंशाची भर पडली तर पुढे पाव, मग त्याचेही अर्धे, असे होत तापमान कुठेतरी थांबते. भर एका अंशाहून जास्त असेल तर मात्र ते थांबत नाही. सावकाराचे व्याज हप्त्यापेक्षा मोठे झाले की कर्ज कधीच फिटत नाही, तसेच हे.

जुन्या पुस्तकांत रनअवेचे कारण म्हणून लीकेज करंट दर १० अंशांना दुप्पट होतो असे दिलेले असते. जर्मेनियमच्या काळात तेच मुख्य कारण होते. आजच्या सिलिकॉन पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये लीकेज इतका थोडा असतो की खरा खलनायक बेस-एमिटरचे घटणारे व्होल्टेजच ठरतो. डिप्लोमाच्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण कारण चुकीचे धरले तर उपायही चुकीचा होतो.

थर्मल रेझिस्टन्स म्हणजे काय?

उष्णतेच्या वाटेतला अडथळा. एक वॅट उष्णता त्या वाटेने जाताना दोन टोकांमध्ये किती अंशांचा फरक पडतो, तो आकडा. एकक आहे अंश प्रति वॅट. जंक्शनपासून हवेपर्यंत तीन टप्पे लागतात: जंक्शन ते ट्रान्झिस्टरची पाठ, पाठ ते हीटसिंक आणि हीटसिंक ते हवा. एकामागे एक जोडलेल्या रेझिस्टरांसारखी त्यांची बेरीज होते.

पहिला टप्पा कंपनीने ठरवलेला असतो. ५२००च्या डेटाशीटमध्ये १५० वॅट आणि कमाल जंक्शन तापमान १५० अंश दिले आहे. त्या १५० वॅटखाली बारीक अक्षरात लिहिलेले असते की पाठ २५ अंशांवर असताना. म्हणजे १२५ अंशांचा फरक भागिले १५० वॅट, सुमारे ०.८३ अंश प्रति वॅट. पाठ १०० अंशांवर गेली की उरलेल्या ५० अंशांत तोच ट्रान्झिस्टर जेमतेम ६० वॅट सोसतो. "दीडशे वॅटचा आहे, काय होतंय त्याला" असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

दुसरा टप्पा आपल्या हातात आहे: अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट. दोन्ही नीट लावली तर साधारण ०.५ धरता येते. पेस्ट न लावता कोरडी चकती ठेवली तर हा आकडा दुपटीच्या आसपास जातो. तिसरा टप्पा म्हणजे हीटसिंक.

ट्रान्झिस्टरमध्ये किती वॅट जिरतात, ते कसे काढायचे?

इथे बहुतेकांची चूक होते. पूर्ण आवाजात ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापत नाही. पूर्ण आवाजात आउटपुट सप्लायच्या जवळ जाते, ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज कमी उरते आणि बरीचशी वीज स्पीकरकडे जाते. सर्वांत जास्त उष्णता पूर्ण पॉवरच्या सुमारे ४० टक्क्यांवर तयार होते. लग्नात जेवणाच्या पंगती चालू असताना तासन् तास ठेवतात, तोच मध्यम आवाज.

त्या सर्वांत वाईट स्थितीत एका ट्रान्झिस्टरमधली उष्णता अशी:

```
P = Vcc² / (π² × RL)
P = 35² / (9.87 × 8) = 15.5 W
```

जोडीचे मिळून ३१ वॅट. हा हिशेब सलग साइन वेव्हचा आहे. गाण्यात सरासरी कमी भरते, पण आजच्या डीजेच्या गाण्यांत उसंत फार थोडी असते, म्हणून मी सवलत देत नाही.

मग हीटसिंक केवढा घ्यायचा?

जंक्शन १५० अंशांपर्यंत सोसते म्हणून तिथवर नेऊ नये. मी १२५ची मर्यादा धरतो. आपल्याकडे हवा ५० अंश धरावी. पुस्तकातली २५ अंशांची हवा भुसावळच्या मे महिन्यात कुठेच मिळत नाही. हाताशी उरले ७५ अंश.

दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच हीटसिंकवर आहेत. पहिल्या दोन टप्प्यांतून प्रत्येकाची आपापली १५.५ वॅट उष्णता जाते, पण हीटसिंकमधून दोघांची मिळून ३१ वॅट जाते.

```
15.5 × (0.83 + 0.5) = 20.6 °C
75 - 20.6 = 54.4 °C
54.4 / 31 = 1.75 °C/W
```

म्हणजे हीटसिंक जास्तीत जास्त १.७५ अंश प्रति वॅटचा हवा. हाच सेट २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत चालवायचा असता तर सुमारे २.५६चा, म्हणजे बराच लहान हीटसिंक पुरला असता. बाहेरून तयार आलेल्या सेटचे हीटसिंक आपल्याकडे अपुरे पडतात, ते कित्येकदा या एका कारणाने.

१.७५ ही शेवटची सीमा आहे. तिथे हीटसिंकच १०४ अंशांवर जातो, हात लावला तर भाजेल. मी प्रत्यक्षात १.२च्या आसपासचा शोधतो. तेव्हा हीटसिंक ८७ आणि जंक्शन १०८ अंशांवर राहते, आणि धुळीने पंख भरले तरी थोडी जागा उरते.

दोन स्पीकर समांतर जोडले तर दुप्पट हीटसिंक लावून भागेल का?

नाही. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की लोड ४ ओहम होतो आणि उष्णता दुप्पट होते: प्रत्येकी ३१, मिळून ६२ वॅट. पण पहिल्या दोन टप्प्यांतच आता ३१ गुणिले १.३३, म्हणजे ४१ अंश खर्च होतात. ७५मधून उरले ३४. त्यांना ६२ने भागा, उत्तर येते ०.५५. हीटसिंक तिपटीहून चांगला लागला. तेवढा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा टेम्पोवर कोणी ठेवत नाही.

इथे शहाणपणाचा मार्ग म्हणजे ट्रान्झिस्टरची दुसरी जोडी लावणे. मग प्रत्येकाच्या वाट्याला पुन्हा १५.५ वॅट येतात, पहिल्या टप्प्यांत २०.६ अंशच जातात आणि हीटसिंक ०.८८चा पुरतो. दुसऱ्या जोडीने एकूण उष्णता एक वॅटनेही कमी होत नाही, ती फक्त जास्त दारांतून बाहेर पडते. समांतर जोडताना प्रत्येक ट्रान्झिस्टरला स्वतःचा एमिटर रेझिस्टर हवाच. नाहीतर जो जरा जास्त गरम असेल तो सगळा करंट स्वतःकडे ओढून घेतो.

हीटसिंक बरोबर निवडला, तरी रनअवे होईल का?

होऊ शकतो, आणि या पानावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते याबद्दलच. वरचा हिशेब सिग्नलच्या उष्णतेचा झाला. रनअवे सुरू होतो तो शांत करंटमधून, म्हणजे गाणे बंद असतानाही आउटपुटमधून वाहणाऱ्या बायसच्या करंटमधून.

समजा हा करंट ५० मिलिअँपिअर आहे आणि एमिटर रेझिस्टर नाही. एक अंशाला २ मिलिव्होल्ट या हिशेबाने करंट सुमारे ३.८५ मिलिअँपिअरने वाढतो. ३५ व्होल्टने गुणा, ०.१३५ वॅट. आता एका ट्रान्झिस्टरच्या वाटेतला एकूण अडथळा पाहू. स्वतःचे १.३३, आणि हीटसिंकचे १.७५ दुप्पट धरून ३.५, कारण दोघेही एकदम तापतात. एकूण ४.८३. म्हणजे एक अंशाच्या वाढीने ०.६५ अंशाची भर पडते. एकापेक्षा कमी, म्हणून तूर्त सेट टिकून आहे.

पण ही भर करंटच्या प्रमाणात वाढते. करंट ७७ मिलिअँपिअरला पोचला की ती बरोबर एक होते, आणि ५०वरून ७७वर जायला जंक्शनची सहा अंशांची वाढही पुरते. दिवाळीत सेट केलेला बायस मे महिन्यात का पळतो, याचे उत्तर या सहा अंशांत आहे. हवाच २५ अंशांनी वर गेलेली असते.

एमिटर रेझिस्टर नेमके काय करतो?

करंट वाढला की त्याच्यावरचे व्होल्टेज वाढते आणि तेवढे बेस-एमिटरला कमी मिळते. म्हणजे तो लगाम आहे. ०.२२ ओहमचा लावला तर १०० मिलिअँपिअरवरसुद्धा भर सुमारे ०.७ राहते. रेझिस्टर नसता तर ती १.३ झाली असती.

मात्र करंट फार वाढला तर ०.२२चा लगाम एकटा पुरत नाही. सर्वांत वाईट स्थितीत एका अंशाला करंट २ मिलिव्होल्ट भागिले रेझिस्टर एवढा वाढू शकतो. त्यावरून किमान रेझिस्टर निघतो, यात θ म्हणजे वर काढलेला ४.८३चा एकूण अडथळा:

```
RE > 0.002 × Vcc × θ
RE > 0.002 × 35 × 4.83 = 0.34 Ω
```

०.४७ ओहमचा लावला तर या सेटमध्ये करंट कितीही झाला तरी चक्र पळत नाही, बायसची भरपाई अजिबात नसली तरी. त्याची किंमत म्हणजे पूर्ण आवाजात त्या रेझिस्टरवर थोडे व्होल्टेज वाया जाते. वरातीच्या सेटसाठी मला हा सौदा मान्य आहे. या सूत्रात हीटसिंकचा आकडाही आहे, हे लक्षात घ्या. हीटसिंक लहान केला तर रेझिस्टर मोठा लागतो. दोन्ही एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत.

बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकवर का लावतात?

बोर्डवरचा प्रीसेट ज्याला जोडलेला असतो तो छोटा ट्रान्झिस्टर, बहुधा बीडी १३९, आउटपुटच्या बेसना बायस देतो. तो हीटसिंकवर घट्ट बसवला तर हीटसिंकबरोबर तोही तापतो, त्याचे स्वतःचे व्होल्टेज घटते आणि बायस आपोआप उतरतो. म्हणजे हीटसिंकच्या तापण्याची भरपाई झाली. उरतो तो जंक्शन ते हीटसिंक हा १.३३चा टप्पा, जो त्याला दिसत नाही. तेवढ्याच टप्प्यावर ०.२२ ओहमसह सर्वांत वाईट भर काढली तर सुमारे ०.४२ येते. म्हणून बीडी १३९ हीटसिंकवर असेल तर ०.२२ निर्धास्त चालतो, आणि तो बोर्डवर मोकळ्या हवेत उभा असेल तर तोच ०.२२ दगा देतो.

मी पहिला सेट बांधला तेव्हा बीडी १३९ बोर्डवरच ठेवला होता, कारण वायर लांबवायचा कंटाळा केला. दुकानात आठ दिवस छान चालला. पाचोऱ्याच्या एका हळदीत, भर उन्हात, पाऊण तासात दोन्ही ट्रान्झिस्टर गेले आणि त्यांच्या मागून एक स्पीकरही गेला. त्या घरातल्या मुलीची हळद बिनसंगीताची झाली, ती खंत अजून मनात आहे. तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सेटमध्ये मी आधी बीडी १३९ कुठे आहे ते पाहतो. पत्र्याच्या चिपेत सैल अडकवलेला असेल तर पेस्ट लावून स्क्रूने आवळतो. त्याची पाठ कलेक्टरला जोडलेली असते, म्हणून चकती विसरू नका.

बाजारातल्या हीटसिंकवर आकडा नसतो. मग कसा ओळखायचा?

जळगावच्या बाजारात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पंखांसकट कापून मिळते, डेटाशीट कुठली. आकडा स्वतः मोजावा, अवघड नाही. ६.८ ओहमचा, ५० वॅटचा, सोनेरी धातूच्या कवचातला रेझिस्टर घ्या, पेस्ट लावून हीटसिंकच्या मधोमध आवळा आणि १२ व्होल्ट द्या. त्यात २१.२ वॅट जिरतात. पट्टी सेटमध्ये बसेल तशीच उभी ठेवा, पंखा बंद करा आणि तापमान वाढायचे थांबेपर्यंत वाट पाहा. अर्धा-पाऊण तास लागतो, घाई केली तर आकडा खोटाच चांगला दिसतो.

एका पट्टीवर मला हवा ३४ आणि रेझिस्टरजवळ ७६ अंश मिळाले. फरक ४२, भागिले २१.२, म्हणजे १.९८ अंश प्रति वॅट. आपल्याला १.७५ हवे, म्हणजे ही पट्टी नापास. उभी लांबी दुप्पट केली तर अडथळा निम्मा होत नाही, कारण खालून तापून आलेली हवाच वरच्या भागाला मिळते. साधारण लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात तो उतरतो. त्या हिशेबाने ही पट्टी १.७५वर आणायला सुमारे २८ टक्के लांब हवी. जागा असेल तर दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावणे जास्त फायद्याचे.

पंख उभेच हवेत. आडवे ठेवले तर गरम हवा पंखांत अडकून बसते.

पंखा लावला तर लहान हीटसिंक चालेल?

चालतो, वाऱ्याने अडथळा निम्म्याहून खाली येऊ शकतो. पण आपला भाग कापसाचा. जिनिंगच्या आसपास किंवा कापसाच्या गाड्या जातात त्या रस्त्यावर सेट ठेवला की तंतू पंखांत गादीसारखे बसतात. पंखा अडकला तर लहान हीटसिंक काही मिनिटांत तापतो. म्हणून पंखा असला तरी हीटसिंकवर ९० अंशांचा थर्मल स्विच लावून त्यातून स्पीकरचा रिले तोडा, आणि दर हंगामाआधी ब्रशने पंख साफ करा.

मॉसफेट लावले तर ही भानगडच नाही ना?

अर्धे खरे. स्विचिंगसाठी बनवलेल्या मॉसफेटचे थ्रेशोल्ड व्होल्टेजही तापल्यावर घटते. अ‍ॅम्प्लिफायरच्या शांत करंटला त्यांचाही करंट तापमानासोबत वाढतो. मोठ्या करंटलाच तो उलटा वागू लागतो. म्हणून तिथेही बायसची भरपाई लागतेच.

उडालेला सेट रनअवेनेच उडाला, हे कसे कळणार?

स्पीकरची वायर शॉर्ट होऊन उडाला असेल तर बहुधा क्षणात उडतो आणि हीटसिंक फार गरम नसतो. रनअवेत आधी हीटसिंक चटका देतो, गाणे थांबले तरी थंड होत नाही, ट्रान्सफॉर्मर जड घुमू लागतो आणि मग फ्यूज जातो. एमिटर रेझिस्टर अनेकदा काळा पडलेला असतो. आणखी एक खूण आहे. ट्रान्झिस्टर कढत आणि हीटसिंक कोमट असेल तर दोष मधल्या टप्प्यात आहे: पेस्ट सुकली, स्क्रू ढिला झाला किंवा चकतीखाली भोकाची कड वर आली. नकली ५२००ही भरपूर फिरतात. आत लहान चिप असते, तिचा पहिलाच टप्पा ०.८३पेक्षा कितीतरी मोठा असतो आणि मग सगळा हिशेब कोसळतो.

दुरुस्तीनंतर खात्री कशी करायची?

पहिली वीज सिरीज बोर्डवर १०० वॅटचा बल्ब लावून द्या. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तरच पुढे जा. मग थेट सप्लायवर, सिग्नल न देता, ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर मीटर लावा आणि प्रीसेटने ११ मिलिव्होल्ट करा, म्हणजे ५० मिलिअँपिअर.

आता स्पीकरच्या जागी ८ ओहमचा मोठा रेझिस्टर जोडा, १०० हर्ट्झचा साइन द्या आणि आउटपुटला मीटरवर सुमारे १६ व्होल्ट एसी येईपर्यंत आवाज वाढवा. हीच ती ४० टक्क्यांची सर्वांत तापवणारी जागा. अर्धा तास चालू द्या. मग सिग्नल काढा आणि लगेच तेच मिलिव्होल्ट पाहा. आकडा थोडा वर असेल आणि हळूहळू ११कडे उतरत असेल तर सेट सुरक्षित आहे. ७-८वर उतरला असेल तर भरपाई जरा जास्त आहे, हळू आवाजात किंचित खरखर वाटेल एवढेच. पण सिग्नल नसताना आकडा २०च्या वर असेल आणि चढतच असेल, तर लगेच वीज बंद करा आणि बीडी १३९चा स्क्रू तपासा. ही चाचणी मी दुपारी तीन वाजता, पत्र्याच्या शेडखाली घेतो.